उत्तराची भाषा, विषयाची भाषा

प्रस्तावना

सोलापुरात मी संध्याकाळचे दोन वर्ग घेत असे. एका वर्गात कानडी मातृभाषेची माणसे मराठी शिकत, दुसऱ्यात मराठी मातृभाषेची माणसे कानडी. ज्यांना वर्गाला येणे जमत नसे ती मंडळी पोस्टकार्डावर शंका पाठवत आणि मी रविवारी सकाळी बसून उत्तरे लिही. एका कार्डावर एवढाच मजकूर होता : ‘कानडीत मराठीचा ‘ला’ कसा लावायचा ते समजावून द्यावे.’ अक्षर वळणदार होते, मराठी शुद्ध होती. खालची सही कुणालाही लागली नसती. पत्ता मात्र स्वच्छ होता.

शंका मला आवडली, कारण ती खरोखरच चांगली आहे. मराठी माणूस कानडी बोलू लागला की पहिल्या आठवड्यातच ‘ला’पाशी अडखळतो. मी दोन फुलस्केप भरून उत्तर लिहिले, मराठीतून. उदाहरणे दिली, अपवाद दिले. आठ दिवसांनी दुसरे कार्ड आले. ‘आपले उत्तर मिळाले. आभारी आहे. परंतु मला कानडी येते, मी कानडीच आहे. मला मराठीचा ‘ला’ येत नाही.’ पहिले कार्ड शेजारच्या मराठी गृहस्थांनी लिहून दिले होते, हे मग कळले. बिचाऱ्याला मराठीचा प्रत्यय हवा होता आणि तो कानडीतून समजावून हवा होता. मी त्याला त्याचीच भाषा परक्या भाषेतून शिकवली होती.

ही पुस्तिका त्या दुसऱ्या कार्डातून निघाली आहे. एखाद्या विनंतीत दोन भाषांची नावे येतात तेव्हा एक भाषा उत्तराची असते आणि दुसरी उत्तराच्या विषयाची. कोणती कोणती, हे विचारणाऱ्याला इतके उघड वाटते की तो ते सांगतच नाही. सांगणाऱ्यालाही ते तितकेच उघड वाटते, फक्त उलट बाजूने.

आधी माझ्या बचावासाठी त्या वाक्याकडे नीट पाहू. ‘कानडीत मराठीचा ‘ला’ कसा लावायचा ते समजावून द्यावे.’ यातले ‘कानडीत’ हे पद ‘लावायचा’कडे ओढले तर अर्थ होतो : कानडी बोलताना मराठीच्या ‘ला’चे काम कशाने करायचे? तेच पद शेवटच्या ‘समजावून द्यावे’कडे ओढले तर अर्थ होतो : मराठीचा ‘ला’ कसा लावायचा ते मला कानडी भाषेत समजावा. दोन्ही अर्थ व्याकरणाला धरून आहेत. मराठीत पदे हवी तशी पुढेमागे करता येतात, आणि वाक्याच्या तोंडाशी ठेवलेले ‘कानडीत’ कुठल्या क्रियापदाचे, हे ओळखायला वाक्यात काहीच खूण नाही. मी पहिला अर्थ घेतला, कारण पत्र मराठीत होते. पत्राची भाषा ती पत्र लिहिणाऱ्याची भाषा, असे मी धरून चाललो. सोलापुरात वाढलेल्या माणसाने तरी असे धरू नये. तिथे एकाच गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे असतात आणि कोण कुणाचे पत्र लिहून देईल याचा नेम नसतो.

पण दोष नुसता पदांच्या जागेचा नाही. आपल्या ‘त’ या प्रत्ययाकडेच पाहा. ‘मराठीत ‘ळ’ आहे, प्रमाण हिंदीत नाही’ या वाक्यात मराठी ही जागा आहे, ‘ळ’ जिथे सापडतो ती. ‘मराठीत बोला’ म्हटले की मराठी हे माध्यम झाले. ‘मराठीत भाषांतर करा’ म्हटले की ते पोचायचे ठिकाण झाले. तीन वेगळी कामे आणि प्रत्यय एकच. म्हणून ‘मराठीत ‘ळ’ कसा आला ते सांगा’ हे वाक्य ऐकून कुणी मराठीच्या ‘ळ’चा इतिहास सांगेल, तर कुणी कानडीच्या किंवा गुजरातीच्या ‘ळ’चा इतिहास मराठीत सांगेल. दोघांनाही चूक म्हणता येणार नाही.

‘मग ‘तून’ वापरावे,’ असे वर्गात कुणीतरी सुचवतेच. सूचना अर्धी बरोबर आहे. ‘मराठीतून शिकवा’, ‘मराठीतून उत्तर लिहा’ यांत ‘तून’ माध्यम दाखवतो आणि जागेशी त्याची गल्लत होत नाही. पण क्रियापद ‘भाषांतर करणे’ असले की तोच ‘तून’ उलटा फिरतो. ‘मराठीतून कानडीत भाषांतर’ यात मराठी माध्यम उरत नाही, ती निघण्याची जागा होते. ‘अक्का हा शब्द कानडीतून आला’ यातही तेच. म्हणजे ‘हा उतारा मराठीतून लिहा’ असे कुणी सांगितले तर उतारा मराठी आहे की मराठी करायचा आहे, हे उतारा समोर असल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्या आजूबाजूच्या काही भाषांनी ही कामे वेगळी वाटून घेतली आहेत. संस्कृतात माध्यमाला तृतीया लागते. ‘संस्कृतेन वदतु’ म्हणजे संस्कृत हे साधन, त्याने बोला. जागेला सप्तमी. त्यामुळे ‘भाषया’ आणि ‘भाषायाम्’ यांत गोंधळ व्हायला फारशी वाट राहत नाही. कानडीत जागा आणि माध्यम यांना एकच प्रत्यय आहे. ‘कन्नडदल्लि हेळि’ म्हणजे कानडीत सांगा, आणि कानडीत अमुक अक्षर आहे म्हणतानाही ‘कन्नडदल्लि’च. पण भाषांतर कानडीत करायचे असेल तर ‘कन्नडक्के’ म्हणतात. तो चतुर्थीचा प्रत्यय आहे, गावाला जाण्याचा. कानडी माणसाला कानडी ‘ला’ जावे लागते, आपण मराठी ‘त’ बसूनच भाषांतर करतो. या तीन भाषांत तिन्ही कामे एका ‘त’वर टाकून मोकळे होणारे आपणच.

शाळेत संस्कृत शिकलेल्या वाचकांना ‘माध्यमभाषया’ हा शब्द आठवत असेल. दहावीच्या संस्कृतच्या प्रश्नपत्रिकेत ‘माध्यमभाषया सरलार्थं लिखत’, ‘माध्यमभाषया उत्तरं लिखत’ अशा सूचना असतात. प्रश्नपत्रिका संस्कृतची, सूचनाही संस्कृतात, पण त्या एका प्रश्नापुरते उत्तर मराठी, हिंदी किंवा इंग्रजीतून, म्हणजे विद्यार्थ्याच्या माध्यमाच्या भाषेतून. या शब्दाची रचना मला फार नेटकी वाटते. त्यात एकाही भाषेचे नाव नाही. कोणती भाषा हे विद्यार्थ्यागणिक बदलते, पण तिची भूमिका बदलत नाही, म्हणून सूचनेत फक्त भूमिका सांगितली आहे. मराठी माध्यमाची मुलगी आणि इंग्रजी माध्यमाचा मुलगा एकाच ओळीवरून आपापले उत्तर लिहितात.

तरी चुका होतातच. त्या मी काही वर्षे सराव परीक्षांचे पेपर तपासताना पाहिल्या आहेत. सूचना न वाचता संस्कृतातच उत्तर लिहिणारे विद्यार्थी असतात, पण ती चूक चटकन दिसते. अवघड असते ती अर्धी चूक. वर्गासाठी मी एक वाक्य दिले होते : ‘नृपः मृगं दृष्ट्वा शरं मुमोच।’ एका मुलाने सरळ अर्थ लिहिला : ‘नृपाने मृग दृष्ट करून शर मोचन केला.’ हे उत्तर कोणत्या भाषेत आहे? प्रत्यय मराठी आहेत, ‘करून’ आणि ‘केला’ मराठी आहेत. ‘नृप’, ‘मृग’, ‘शर’ हेही मराठी कोशात मिळतात. पण या उत्तरावरून मुलाला वाक्य कळले का, हे मला कळत नाही. त्याला कळलेले नसावे अशीच शंका येते. ‘राजाने हरीण पाहून बाण सोडला’ असे लिहिले असते तर शंकेला जागाच उरली नसती.

संस्कृत आणि मराठी यांचे शब्दभांडार इतके सामाईक आहे की विषयाची भाषा हळूच उत्तराच्या भाषेत शिरते आणि तिला कुणी अडवत नाही. तपासण्याची एक साधी युक्ती आहे. उत्तरातली क्रियापदे बघावीत. नामे दोन्ही घरांत नांदू शकतात, पण ‘सोडला’, ‘पाहून’, ‘पळाले’ ही क्रियापदे तुम्हाला ज्या भाषेत सुचतात त्याच भाषेत तुम्हाला अर्थ कळलेला असतो. उत्तरातली क्रियापदे ‘मोचन केला’, ‘गमन केले’, ‘दृष्ट झाला’ अशी दिसू लागली की विद्यार्थी अजून विषयाच्याच भाषेत अडकला आहे असे समजावे.

इतिहासात एक पाऊल मागे जाऊ, कारण ही भानगड आजची नाही आणि ती सोडवण्याचा एक सुरेख नमुना आपल्या शेजारीच, गोव्यात छापला गेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि 1619 साली वारला. मराठी वाचकांना तो ‘क्रिस्तपुराणा’मुळे माहीत असतो. ते पुराण 1616 साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या नावावर आणखी दोन पुस्तके आहेत, दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर रायतूरलाच छापलेली. एक 1622 चे, ख्रिस्ती धर्मतत्त्वांचे. दुसरे 1640 चे, व्याकरणाचे. पहिल्याच्या पोर्तुगीज नावात भाषेच्या आधी ‘एं’ हे अव्यय आहे, म्हणजे ‘त’ : कानारीं भाषेत लिहिलेली ख्रिस्ती शिकवण. दुसऱ्याच्या नावात ‘द’ आहे, म्हणजे ‘ची’ : कानारीं भाषेचे व्याकरण. पहिल्यात ती भाषा उत्तराची आहे. दुसऱ्यात ती विषयाची आहे आणि पुस्तक पोर्तुगीजमध्ये आहे, कारण ते गोव्यात येणाऱ्या पाद्र्यांसाठी होते. एका माणसाची दोन पुस्तके, दोन्हींच्या नावांत तीच भाषा, आणि नुसत्या एका अव्ययावरून तिची भूमिका कळते.

याच पुस्तकांत दुसरा एक सापळा आहे आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो. ‘कानारीं’ वाचून मराठी माणसाच्या मनात कानडी येते. स्टीफन्सचे व्याकरण कानडीचे नाही, कोंकणीचे आहे. त्या काळचे पोर्तुगीज गोव्याच्या लोकांना आणि त्यांच्या भाषेला हेच नाव देत. धर्मशिकवणीच्या पुस्तकावर तर ‘ब्राह्मण कानारीं’ असे लिहिले आहे. म्हणजे विनंतीत दोन भाषांची नावे असली आणि त्यांच्या भूमिका स्पष्ट असल्या तरी काम संपत नाही. ते नाव त्या ठिकाणी, त्या काळी कोणत्या भाषेचे, हेही विचारावे लागते. आजही ‘कोकणी’ म्हटले की रत्नागिरीच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एक बोली येते, मालवणच्या माणसाच्या दुसरी आणि पणजीच्या माणसाच्या आठव्या अनुसूचीतली भाषा. ‘कोकणीतले म्हणी मराठीतून समजावून द्या’ असे पत्र आले तर मी आता आधी गावाचे नाव विचारतो. (आणि म्हण स्त्रीलिंगी आहे, हेही हळूच सुचवतो.)

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न कोशांच्या रूपाने पुढे आला. शास्त्रीमंडळींनी केलेला ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ 1829 साली छापला गेला. त्यात विषय मराठी आणि उत्तरही मराठी. दोनच वर्षांनी, 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. विषय तोच मराठी, उत्तर मात्र इंग्रजी. इंग्रजीतून मराठीकडे जाणारा मोल्सवर्थ-कँडींचा कोश 1847 साली निघाला. जोडनावात पहिले नाव ज्या भाषेतले शब्द तुम्ही शोधता तिचे आणि दुसरे ज्या भाषेत अर्थ मिळतो तिचे, असा रिवाज आहे. तरी पुस्तकांच्या दुकानात ‘मराठी-इंग्रजी डिक्शनरी द्या’ म्हणणाऱ्या दहांतल्या बऱ्याच जणांना इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ हवा असतो. ते आपल्या भाषेचे नाव आधी घेतात, एवढेच. हुशार दुकानदार मग विचारतो, ‘कुठला शब्द बघायचाय?’ या एका प्रश्नात या पुस्तिकेचा बराचसा भाग येतो.

आता त्या पोस्टकार्डाकडे परत. दोन अर्थांची दोन उत्तरे शेजारी ठेवली की भूमिका चुकल्यावर नेमके काय वाया जाते ते दिसते.

पहिले उत्तर मराठी माणसासाठी, विषय कानडी. मराठीचा ‘ला’ निदान दोन कामे करतो. ‘रामाला पाहिले’ यात तो कर्म दाखवतो आणि ‘रामाला पुस्तक दिले’ यात ज्याला दिले तो माणूस. कानडीत या दोन कामांना दोन वेगळे प्रत्यय आहेत. पहिले वाक्य ‘रामनन्नु नोडिदे’, दुसरे ‘रामनिगे पुस्तक कोट्टे’. ‘अन्नु’ कर्माचा, ‘इगे’ देण्याचा. हा दुसरा ‘गे’ पुढेही मराठी ‘ला’च्याच पावलावर पाऊल ठेवून चालतो : ‘पुण्याला गेलो’ म्हणजे ‘पुणेगे होदे’, ‘मला भूक लागली आहे’ म्हणजे ‘ननगे हसिवागिदे’. नपुंसकलिंगी अकारान्त शब्दाला ‘गे’ऐवजी ‘क्के’ लागतो, ‘पुस्तकक्के’. म्हणजे मराठी माणसाला शिकायचे आहे ते इतकेच की आपल्या एका ‘ला’चे दोन तुकडे करायचे आणि पाहणे, मारणे, बोलावणे अशा क्रियापदांपाशी ‘अन्नु’ आठवायचा. तो नेमका तिथेच चुकतो आणि ‘रामनिगे नोडिदे’ म्हणतो. ऐकणारा कानडी माणूस हसतो आणि ओळखतो की समोरचा मराठी आहे.

दुसरे उत्तर कानडी माणसासाठी, विषय मराठी. याच्या डोक्यात ‘अन्नु’ आणि ‘गे’ आधीपासूनच वेगळे आहेत. त्याला दोन तुकडे करायला शिकवायचे नाहीत, दोन्हींच्या जागी एकच ‘ला’ येतो हे सांगायचे आहे, आणि ते एका वाक्यात होते. त्याच्या खऱ्या अडचणी दुसरीकडेच आहेत. एक, मराठीत निर्जीव कर्माला सहसा ‘ला’ लागत नाही. आपण ‘पुस्तक वाचले’ म्हणतो, ‘पुस्तकाला वाचले’ म्हणत नाही. कानडीतही अशा ठिकाणी ‘अन्नु’ पुष्कळदा गळतो, पण लावला तरी चालतो. मराठीत लावला तर खटकतो. दोन, आणि हे त्याला महिनोन्‌महिने छळते, ‘ला’ लागण्याआधी शब्द स्वतःच बदलतो. घोडा, पण घोड्याला. मूल, पण मुलाला. भाऊ, पण भावाला. या सामान्यरूपाचे कानडीत थेट जुळणारे काही नाही. कानडीत शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्ये एखादा जोडणारा तुकडा येतो, पण ‘मूल’चे ‘मुला’ व्हावे तसा आतला स्वर हलत नाही. म्हणून त्याच्यासाठीच्या उत्तराचे तीन चतुर्थांश सामान्यरूपावर जायला हवेत आणि तेही कानडी वाक्यांत, मध्ये मराठी उदाहरणे घालून.

दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहा. दोघांचा विषय एकच ‘ला’, पण एकातली जवळजवळ कोणतीही ओळ दुसऱ्याच्या उपयोगाची नाही. मी पाठवलेल्या दोन फुलस्केपांत सामान्यरूपाचा उल्लेखही नव्हता. असणार कसा? मराठी माणसाला ते सांगायची गरजच नसते. म्हणून मी असे मानतो की भूमिका उलटल्या की फक्त उत्तराची भाषा बदलत नाही, उत्तरातला मजकूर बदलतो. चुकीच्या भाषेतले उत्तर नुसते भाषांतर करून दुरुस्त होत नाही. ते पुन्हा लिहावे लागते, आणि मीही ते पुन्हा लिहिले.

भूमिका बरोबर ओळखल्या तरी उत्तर देताना एक तिसरी गोष्ट ठरवावी लागते, ती उदाहरणांची. उत्तर मराठीतून हवे म्हटले की काही जण सगळेच मराठी करून टाकतात, अगदी उदाहरणेही. कानडीच्या चतुर्थीवर लेख आणि त्यात एकही कानडी शब्द नाही, असे मी वाचले आहे. विषयाची भाषा उदाहरणांत टिकलीच पाहिजे, शेजारी अर्थ उत्तराच्या भाषेत. स्पष्टीकरण आणि उदाहरण या दोन वेगळ्या जागा आहेत.

उदाहरण कोणत्या लिपीत लिहायचे, हाही प्रश्न याच्याच पोटातला. मी वर कानडी वाक्ये देवनागरीत लिहिली, कारण या पुस्तिकेच्या बहुतेक वाचकांना कानडी अक्षरे येत नसतील. त्यात काहीतरी हरवते, ते लपवत नाही. कानडीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ‘ए’ आणि दोन ‘ओ’ आहेत. ऱ्हस्व ‘ओ’ने ‘कोडु’ म्हटले तर ‘दे’, दीर्घ ‘ओ’ने म्हटले तर ‘शिंग’. नेहमीच्या देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. ‘कॊडु’ असे खास चिन्ह वापरून फरक दाखवता येतो, पण ते चिन्ह मराठी वाचकाला ओळखीचे नाही आणि तो ते छापखान्याची चूक समजतो. म्हणून पुस्तिकेत जिथे या फरकावर अर्थ अवलंबून आहे तिथेच ते वापरले आहे आणि तसे शेजारी सांगितले आहे. विचारणाऱ्याने ‘कानडी अक्षरांत लिहा’ असे सांगितले असेल तर अर्थात कानडी अक्षरांतच लिहावे. लिपी हीही विनंतीचा भाग असते, पण ती भाषेपेक्षा वेगळी आहे. ‘कानडीत लिहा’ म्हणणाऱ्याला कधीकधी फक्त कानडी अक्षरे हवी असतात, कानडी वाक्ये नव्हेत.

विचारणाऱ्यासाठी माझा सल्ला छोटा आहे. विषयाच्या भाषेला ‘तला, तली, तले’ किंवा ‘चा, ची, चे’ लावावे आणि ती ज्या शब्दाविषयी विचारायचे त्याला चिकटवावी. उत्तराच्या भाषेला ‘तून’ लावावे आणि ती सांगण्याच्या क्रियापदाशेजारी ठेवावी. ‘मराठीतला ‘ला’ मला कानडीतून समजावून सांगा.’ हे वाक्य कुठल्याही बाजूने ओढले तरी उलटत नाही. भाषांतर मागायचे असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे ‘तून’ निघण्याची जागा दाखवतो. तेव्हा सरळ दोन वाक्ये करावीत : ‘मूळ उतारा संस्कृत आहे. भाषांतर मराठी हवे.’ आणि दोन्हीकडे एक वाक्य आणखी जोडता आले तर फारच बरे, ते म्हणजे आपण कोण. ‘माझी मातृभाषा कानडी आहे’ या चार शब्दांनी माझी दोन फुलस्केप आणि त्या गृहस्थांचे आठ दिवस वाचले असते.

सांगणाऱ्यासाठी सल्ला याहून छोटा आहे. शंका असेल तर उत्तर लिहू नये, विचारावे. पोस्टकार्ड तेव्हा पन्नास पैशांना मिळत असे.

पुस्तिकेत एकूण बारा प्रकरणे आहेत. पहिली चार मराठी वाक्यांची, त्यांत ‘त’, ‘तून’, ‘मध्ये’ आणि ‘चा’ यांचे घोटाळे एकेक करून सोडवले आहेत. पुढची पाच शाळेच्या प्रश्नपत्रिकांच्या सूचनांविषयी. शेवटची तीन मराठी-कानडी जोडीची, त्यांत प्रत्येक शंकेची दोन्ही बाजूंची उत्तरे समोरासमोरच्या पानांवर दिली आहेत. डावीकडचे पान मराठी वाचकासाठी, मराठीतून. उजवीकडचे कानडी वाचकासाठी, कानडीतून आणि कानडी अक्षरांत. उजवीकडची पाने माझ्या वर्गातल्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी वाचून सुधारली. माझी कानडी सोलापुरी वळणाची आहे आणि धारवाडच्या वाचकाला ती इथेतिथे खटकेल. खटकली तर पत्राने कळवावे. फक्त पत्र कानडीत लिहिले असेल तर उत्तर कोणत्या भाषेतून हवे, तेवढे एका ओळीत सांगावे.